चेक वटला नाही, नोटीस आली: त्या पंधरा दिवसांत आपण काय केलेत?

टॉवेलवाला, सोलापूर (धाग्याची सुरुवात)

माझे यंत्रमागांचे लहान युनिट आहे. सुताच्या व्यापाऱ्याला मी 5 जानेवारी 2026 या तारखेचा 2,40,000 रुपयांचा चेक दिला होता. पुण्याच्या एका ग्राहकाचे पैसे 4 तारखेपर्यंत जमा होतील असा माझा हिशेब होता, परंतु ते आले नाहीत. 6 तारखेला सकाळी व्यापाऱ्याने चेक भरला आणि संध्याकाळपर्यंत ‘अपुरी शिल्लक’ या शेऱ्यासह तो परत गेला. खात्यात 2,11,000 रुपये होते. एकोणतीस हजारांसाठी संपूर्ण चेक परत गेला, आणि वर बँकेने पाचशे रुपये शुल्क व त्यावरील जीएसटी मिळून 590 रुपये कापून घेतले.

20 जानेवारीला वकिलाची नोटीस हाती पडली. त्यात पंधरा दिवसांच्या आत चेकची रक्कम, 18 टक्के व्याज आणि नोटिशीचा खर्च 5,000 रुपये अशी मागणी होती. मी 28 जानेवारीला 1,00,000 आणि 3 फेब्रुवारीला उरलेले 1,40,000 रुपये एनईएफटीने पाठवले व प्रकरण मिटले. व्याज दिले नाही, आणि तेथे आमची बोलाचाली झाली ती झालीच. आपापले अनुभव येथे लिहावेत, विशेषतः कोर्टाची पायरी चढण्यापूर्वी तडजोड कशी केली ते.

निवृत्त बँक कर्मचारी

एक गोष्ट आपल्या व्यापारी मंडळींनी अजून मनावर घेतलेली दिसत नाही. पूर्वी चेक भरल्यानंतर एक-दोन दिवसांची उसंत मिळे, आणि त्या अवधीत धावपळ करून खात्यात पैसे भरणारे खातेदार मी काउंटरवर रोज पाहिले आहेत. 4 ऑक्टोबर 2025 पासून चेकची छाननी दिवसभर सलग होते. सकाळी भरलेला चेक त्याच संध्याकाळी वटतो किंवा परत जातो. ‘उद्या भरतो’ म्हणण्याची सोय आता संपली आहे.

खानावळवाले काका

टॉवेलवाले, आपण घाईच केलीत. नोटीस आल्यावर एक लाख देऊन टाकले असते, तर चेकवरची रक्कम आणि देणे यांचा मेळच राहिला नसता, आणि केस उभीच राहिली नसती. आमच्या भाच्याची केस सुप्रीम कोर्टाच्या याच निकालाचा आधार घेऊन सुटली.

वकील, सांगली

काका, तो निकाल खरा आहे, पण तो आपण चुकीच्या जागी लावत आहात. 2022 च्या त्या निकालातील परिस्थिती अशी होती की, चेक दिल्यानंतर आणि तो बँकेत भरण्यापूर्वी देण्यातील काही रक्कम चुकती झाली होती, तरी घेणेकऱ्याने चेकवर तशी नोंद न करता पूर्ण रकमेचाच चेक भरला. चेक भरला त्या दिवशी तेवढे देणे शिल्लकच नव्हते, म्हणून चेक न वटण्याच्या गुन्ह्याचे कलम 138 लागू झाले नाही. आपल्या भाच्याचे असेच झाले असावे.

टॉवेलवाल्यांचा चेक मात्र पूर्ण देणे बाकी असताना परत गेला. त्यानंतर नोटिशीच्या मुदतीत लाख दिले काय किंवा दोन लाख दिले काय, पंधराव्या दिवसाअखेर चेकची पूर्ण रक्कम पोहोचली नसेल तर गुन्हा घडतोच. अंशतः दिलेल्या रकमेचा विचार पुढे दंडाच्या किंवा तडजोडीच्या वेळी होऊ शकतो, परंतु तेवढ्याने खटला टळत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी आहे. 2,40,000 च्या चेकवर दंड 4,80,000 पर्यंत जाऊ शकतो, हे ध्यानात घेतले म्हणजे उरलेल्या 1,40,000 साठी टॉवेलवाल्यांनी केलेली धावपळ योग्य होती हे पटेल. त्यांची मुदत 4 फेब्रुवारीला संपत होती, कारण नोटीस मिळाल्याचा दिवस सोडून पंधरा मोजतात.

व्याज आणि नोटिशीचा खर्च न दिल्याने फौजदारी खटला उभा राहत नाही. व्यापाऱ्याला तो हक्क वाटत असेल तर दिवाणी मार्गाने मागावा.

मसालेवाली ताई, कराड

मी दुसऱ्या बाजूची आहे. एका दुकानदाराचा 64,000 रुपयांचा चेक परत आला. “ताई, आठ दिवसांत देतो” असे तो दर आठवड्याला सांगत राहिला आणि मी ऐकत राहिले. वकिलांकडे गेले तेव्हा परतीचा मेमो मिळून अडतीस दिवस झाले होते, आणि नोटीस तर तीस दिवसांत पाठवावी लागते. परंतु चेकवरील तारखेपासून तीन महिने पूर्ण झाले नव्हते, त्यामुळे वकिलांनी तोच चेक पुन्हा भरायला लावला. तो पुन्हा परत आला, नवा मेमो मिळाला आणि त्यावर वेळेत नोटीस गेली. बाराव्या दिवशी दुकानदार स्वतः घरी आला.

त्याला चार हप्ते हवे होते, आणि मला भीती अशी की हप्त्यांची वाट पाहता पाहता तक्रारीची मुदत निघून जाईल.

वकील, सांगली

ताईंची भीती रास्त आहे. पंधरा दिवस संपल्यावर तक्रारीसाठी एकच महिना असतो. उशीर माफ होऊ शकतो, परंतु त्याला सबळ कारण द्यावे लागते, आणि “हप्ते देतो म्हणाला होता” हे कारण न्यायालयाला पटेलच असे नाही. म्हणून हप्ते ठरवायचे असतील तर मी लेखी करारनामा करून प्रत्येक हप्त्याचा स्वतंत्र, पुढील तारखेचा चेक घ्यायला सांगते. त्यातला एखादा परत आला तर त्याच्यावर नव्याने नोटीस देता येते. जुना चेक आणि करारातील नवा चेक या दोहोंवर एकाच देण्यासाठी समांतर खटले मात्र चालवता येत नाहीत.

करारात जुन्या चेकचा क्रमांक, मेमोची व नोटिशीची तारीख आणि दिलेल्या प्रत्येक रकमेचा यूटीआर क्रमांक असावा. पैसे देणाऱ्याने मूळ चेक परत घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नये. रोख देऊन वहीत सही घेण्यावर विसंबलेले पक्षकार माझ्याकडे बहुतेक वेळा रडतच येतात.

टॉवेलवाला, सोलापूर

मूळ चेक मी मागितला नाही! पोचपावती मात्र व्हॉट्सॲपवर आहे.

वकील, सांगली

दोन्ही एनईएफटीचे पुरावे असल्याने फार काळजी नको, तरी चेक मागून घ्यावा.

आयटीवाला, हिंजवडी

माझा चेक नाही, कर्जाचा हप्ता खात्यातून आपोआप जातो. दोनदा परत गेला. हे मला लागू नाही ना?

निवृत्त बँक कर्मचारी

लागू आहे, फक्त कायदा वेगळा. 2007 च्या पेमेंट कायद्याचे कलम 25 असून तेथेही नोटीस आणि पंधरा दिवस तसेच आहेत. शाखेत जाऊन थकलेले हप्ते भरावेत आणि भरल्याचे पत्र घ्यावे.

काजू व्यापारी, फोंडा

पंधरा दिवस हुकलेल्यांसाठी लिहितो. समन्स आल्यानंतर मी पहिल्याच तारखेला पूर्ण रक्कम देऊन प्रकरण मिटवले, जादा काही द्यावे लागले नाही. माझा प्रश्न निराळा आहे. दुसऱ्या एका सावकाराकडे माझे सही केलेले दोन कोरे चेक ‘तारण’ म्हणून पडून आहेत. कर्ज फिटले आहे, पण तो चेक परत देत नाही. बँकेला ‘पेमेंट थांबवा’ असे कळवले तर मी सुरक्षित आहे का?

वकील, सांगली

केवळ तेवढ्याने नाही. पेमेंट थांबवल्यामुळे परत गेलेल्या चेकवरही 138 लागू शकते, आणि सही आपली असेल तर चेक देण्यापोटीच दिला असे न्यायालय गृहीत धरते. ते खोडून काढणे आपल्यावर येते. कर्जफेडीच्या नोंदी किती भक्कम आहेत?

काजू व्यापारी, फोंडा

निम्मी बँकेतून, निम्मी रोख.

वकील, सांगली

तर बँकेला सूचना द्याच, आणि सावकाराला आजच रजिस्टर पत्र पाठवून, चेकचे क्रमांक लिहून, कर्ज फिटल्याचे कळवा व चेक परत मागा. रोख दिलेल्या निम्म्याचे काय होईल, ते कागद पाहिल्याशिवाय मी सांगू शकणार नाही.