सांबारातील चिंच: वजनाने घ्यावी की जिभेने?

नवखा_स्वयंपाकी, प्रतापनगर

माझ्याकडील कृतीत २०० ग्रॅम तूरडाळीच्या सांबारासाठी ‘लिंबाएवढा चिंचेचा गोळा’ सांगितला आहे. मी इतवारीतून चिंचोके काढलेल्या, दाबून बसवलेल्या चिंचेची अर्ध्या किलोची वडी आणली आहे. त्यातून नेमके किती ग्रॅम कापावे, त्याचा कोळ किती निघायला हवा आणि तो सगळाच घालावा का? टोमॅटोही दोन घालायचे आहेत. सांबार कधी फार आंबट होते, तर कधी अगदी सपक.

अजनी_कॉलनी

आमचे घराणे मूळचे तंजावरकडचे. आजोबा रेल्वेच्या नोकरीत नागपूरला आले आणि आम्ही इथलेच झालो. त्यामुळे हा प्रश्न आमच्या स्वयंपाकघरात नेहमीचा आहे. जुन्या कृतींतला लिंबाएवढा गोळा हा सुट्या, धागेदार चिंचेचा, हाताने हलकेच वळलेला गोळा असतो आणि त्याचे वजन साधारण २० ते २५ ग्रॅम भरते. तुम्ही आणलेली वडी यंत्राने दाबलेली आहे, तिच्यात हवा नावालाही नसते, त्यामुळे बाजारातल्या चांगल्या लिंबाएवढा तुकडा तिच्यातून कापला तर तो सहज ५०-६० ग्रॅमपर्यंत जाईल. म्हणजे आकार तोच दिसतो, पण चिंच दुपटीहून अधिक पडते. तुमचे सांबार आंबट होण्याचे पहिले कारण मला इथेच दिसते.

२०० ग्रॅम डाळीचे सांबार भाज्यांसकट साधारण दीड लिटर होते. त्याला टोमॅटो न घालता २५ ते ३० ग्रॅम आणि दोन मध्यम टोमॅटो घालणार असाल तर २० ग्रॅम चिंच पुरे. भाताबरोबर खायच्या सांबाराचे हे माप आहे. इडलीबरोबरचे सांबार आम्ही पातळ आणि कमी आंबट ठेवतो, त्याला १५ ग्रॅमही चालते.

धरमपेठची_सुगरण

ग्रॅमचा हा हिशेब मला पटत नाही. चिंच म्हणजे साखर नव्हे की २० ग्रॅम म्हटले की सगळीकडे तेवढीच चव मिळावी. एका झाडाची चिंच तोंडात धरवत नाही आणि दुसऱ्या झाडाची मुले नुसतीच खातात, हे विदर्भात वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. काटा घेऊन बसण्यापेक्षा दाट कोळ काढून ठेवावा आणि चमच्याने घालत चव घेत जावे. चार चमचे कोळ म्हणजे चार चमचे, त्यात मोजण्यासारखे आहे तरी काय?

अजनी_कॉलनी

झाडागणिक फरक पडतो, हे मान्य. चिंचेच्या गरात टार्टरिक आम्ल साधारण ८ ते १८ टक्के असू शकते, म्हणजे तळ आणि माथा यांत दुपटीचे अंतर आहे. पण म्हणूनच चमच्याचे माप आणखी फसवे ठरते, कारण त्यात चिंचेच्या जातीचा फरक तर असतोच, शिवाय आपण किती पाणी घातले याचाही फरक मिसळतो.

तुमच्या दाट कोळाचेच उदाहरण घेऊ. १०० ग्रॅम चिंच २०० मिलिलिटर कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून घेतली की गाळणीत ओला चोथा सुमारे ५० ग्रॅम राहतो आणि खाली अडीचशे ग्रॅम कोळ उतरतो. त्याचा पोह्यांचा एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर घेतला, तर त्यात सहा ग्रॅमच्या आसपास चिंच असते. आता सांबाराची रोजची पद्धत पाहा: ३० ग्रॅम चिंच आधी ९० मिलिलिटर पाण्यात भिजवून पिळायची, मग तोच चोथा ६० मिलिलिटर पाण्यात पुन्हा पिळायचा. कोळ सगळा मिळून १५० ते १६० ग्रॅम मिळतो आणि त्याच्या त्याच चमच्यात जेमतेम तीन ग्रॅम चिंच असते. एकीने पहिला कोळ चार चमचे घातला आणि दुसरीने दुसरा कोळ चार चमचे घातला, तर एकीच्या सांबारात दुसरीच्या दुप्पट चिंच गेली. दोघीही ‘चार चमचे’च म्हणतील.

म्हणून मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे की कोळ किती निघाला याला महत्त्वच देऊ नका. वडीतून काट्यावर चिंच मोजा, पाणी सोयीने घाला आणि निघालेला कोळ त्या चिंचेचा म्हणून सगळा धरा. पाणी जास्त झाले तर सांबारात इतर पाणी तेवढे कमी घालता येते.

मनीषनगर_४७

काटा नसेल त्यांच्यासाठी एक सोपी युक्ती आहे. अर्ध्या किलोच्या वडीवर सुरीने दहा समान पट्ट्या आखाव्यात. एक पट्टी ५० ग्रॅमची होते, तिचा अर्धा तुकडा २५ ग्रॅमचा. मात्र चिंचोक्यांसकट मिळणारी सोललेली चिंच असेल तर हे गणित चालत नाही, कारण तिथे वजनात बराच वाटा चिंचोक्यांचा असतो. माझ्या मते तिथे दुप्पट घ्यावी.

अजनी_कॉलनी

दुप्पट जरा जास्त होईल. टरफल काढलेल्या पण चिंचोके असलेल्या चिंचेत गर आणि धागे मिळून वजनाच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतात, त्यामुळे २० ग्रॅमऐवजी ३२-३५ ग्रॅम घेतली की भागते. पट्ट्यांची युक्ती मात्र उत्तम आहे.

सौ_हिंगणारोड

आमच्याकडे चिंचगुळाची आमटी रोज असते आणि त्यात मी डाळ शिजायला लावतानाच चिंचेचे बुटुक टाकते, गूळही वरून सढळ हाताने घालते. आंबट झाले तर गुळाचा खडा टाकला की सगळे जागेवर येते. सांबाराला एवढा विचार कशाला? गोडा मसाला घातला तर ती आमटीच होते की.

धरमपेठची_सुगरण

ताई, आमटीची गोष्ट वेगळी आहे, इथे विचारलेले आहे ते सांबाराचे. आणि डाळीबरोबर चिंच टाकणे मला आमटीलाही योग्य वाटत नाही. आंबट पाण्यात तूरडाळ लवकर मऊ होत नाही, दाणा अखंड राहतो. एखादे बुटुक प्रेशर कुकरमध्ये खपून जात असेल, पण २०-२५ ग्रॅमचा कोळ घालून डाळ लावून पाहिलीत तर ती घोटली जाणार नाही आणि वर पाणी, खाली डाळ असे सांबार ताटात येईल.

सौ_हिंगणारोड

आमच्या कुकरमध्ये तरी शिजते बाई.

अजनी_कॉलनी

सुगरणताईंशी या मुद्द्यावर मी पूर्ण सहमत आहे आणि तोच नियम भाज्यांनाही लागू आहे. शेवगा, भोपळा, वांगी ही कोळात पहिल्यापासून टाकली तर वरून शिजल्यासारखी दिसतात आणि आत कडक राहतात. त्यामुळे भाजी आधी साध्या पाण्यात हळद-मीठ घालून पाऊण शिजवावी, मग कोळ घालावा, तो भाजीसकट सात-आठ मिनिटे खळखळून उकळू द्यावा आणि मगच घोटलेली डाळ मिसळावी. कच्च्या चिंचेला एक तुरट, नाकात चढणारा वास असतो. वाफेवर नाक धरले की तो गेला किंवा राहिला हे लगेच कळते. तो वास असेपर्यंत डाळ घालू नये.

गुळाबद्दल एवढेच सांगतो की त्याने आंबटपणा कमी होत नाही, जिभेला तो फक्त कमी जाणवतो. सुपारीएवढा गूळ सांबाराला शोभतो. त्याहून जास्त लागला तर चिंच जास्त झाली असे समजावे आणि डाळ-पाणी वाढवावे.

धरमपेठची_सुगरण

इथेच माझा आक्षेप पुन्हा येतो. कोळ सगळा आधीच उकळायचा असेल, तर चव घेऊन कमी-जास्त करायला जागा उरते कुठे? तुमचे २० ग्रॅम जर त्या कडक आंबट चिंचेचे निघाले, तर डाळ घातल्यावर कळून उपयोग काय? आणि शेवटी वरून कोळ घालावा, तर तुम्हीच म्हणता तो कच्चा वास राहतो.

अजनी_कॉलनी

प्रश्न रास्त आहे. आमच्या घरी नवीन वडी फोडली की पहिल्या खेपेला कोळाचा दोन-तृतीयांश भाग भाजीत उकळतात आणि उरलेला तिसरा भाग छोट्या कढल्यात चिमूटभर मीठ घालून वेगळा उकळून ठेवतात. डाळ आणि सांबार मसाला घालून एक उकळी आली की चव घ्यायची आणि लागेल तेवढा तो उकळलेला कोळ घालायचा. मसाल्याआधी घेतलेली चव धरू नये, कारण धणे, मेथी आणि मिरची पडल्यावर आंबटपणा निराळा लागतो. एकदा त्या वडीला किती ग्रॅम पुरते हे कळले की ती वडी संपेपर्यंत तेच माप चालते. म्हणजे जिभेचे काम वडीमागे एकदाच, एरवी काट्याचे.

मनीषनगर_४७

यात एक भर घालतो. आपल्याकडे उन्हाळ्यात चिंच फोडून मीठ लावून गोळे बरणीत भरण्याची पद्धत आहे. तशी चिंच वापरत असाल तर वजनात मीठही आले. तिचा कोळ घालण्याआधी सांबारात पूर्ण मीठ घातले तर शेवटी खारट होते. आणि बाजारात जो काळा, डांबरासारखा घट्ट तयार कोळ बाटलीत मिळतो, त्याला वरचा एकही हिशेब लावू नये. तो आटवलेला असतो, चहाचा एक चमचाही पुष्कळ होतो आणि सांबाराचा रंग काळपट येतो.

नवखा_स्वयंपाकी, प्रतापनगर

सर्वांचे आभार. वडी काट्यावर ठेवून पाहिली. मी ज्याला लिंबाएवढा म्हणत होतो तो तुकडा ५४ ग्रॅम भरला. आता २० ग्रॅमचा कोळ दोनदा पिळून काढतो आणि तिसरा हिस्सा वेगळा उकळतो. एक शंका उरते. वडी गडद तपकिरी, जवळजवळ काळी आहे, म्हणजे जुनी असावी. जुनी चिंच जास्त आंबट असते का?

धरमपेठची_सुगरण

जास्तच असते. काळी चिंच नेहमी कमी घ्यावी, तुम्ही १५ ग्रॅमच घ्या.

अजनी_कॉलनी

मला उलट अनुभव आहे. जुनी चिंच रंगाने गडद होते, पण तिची चव मवाळ आणि गोलसर लागते. आमच्याकडे वत्तकुळंबू या चिंचेच्या दाट तमिळ रश्शासाठी म्हणून जुनीच राखून ठेवतात. नवी, लालसर चिंच जिभेला अधिक बोचते. रंग पाहून पाच ग्रॅम कमी करू नका, २० ग्रॅमच भिजवा आणि तो तिसरा हिस्सा हाताशी ठेवा.

धरमपेठची_सुगरण

वत्तकुळंबूत तेल आणि मसाला एवढा असतो की चिंच मवाळच लागणार. वरणासारख्या डाळीत तीच चिंच घालून पाहा, मग बोलू.