ऑफर लेटरचा फोटो आला होता का? कशावरून ओळखलंत?

कळवेकरीण
माझा भाचा दिव्याला राहतो, यंदाच बीकॉम झाला. गेल्या महिन्यात त्याने एका पत्राचा फोटो पाठवला, "मावशी, लागलो एकदाचा!" नवी मुंबई विमानतळावर ग्राउंड स्टाफची नोकरी. गेटपास आणि युनिफॉर्मचे 2,850 रुपये, "परत मिळणारे", त्याने आधीच भरले होते. हे मला दोन दिवसांनी कळलं.

फोटो मोठा करून बघत बसले. पत्ता ऐरोलीचा आणि पिनकोड 400602. माझं माहेर नौपाड्याचं, हा आकडा मी झोपेतही ओळखेन. ऐरोली 400708. मग पगाराचा तक्ता: बेसिक 14,200, एचआरए 5,680, कन्व्हेयन्स 1,600, आणि खाली एकूण 24,500. बेरीज करून बघा, 21,480 होते. लोगो धुरकट होता, पण तो फोटोमुळे की मुळातच तसा, ते काही कळेना.

तुम्हाला असं पत्र आलं असेल तर कशावरून ओळखलंत ते सांगा. फसला असाल तरी सांगा. कंपनीचं नाव मात्र लिहू नका, तिचा बहुधा दोष नसतो.

घणसोलीचा पक्या
सोप्पंय. लोगो फाटलेला दिसला की पत्र खोटं. मला तीन आली, तिन्हींचे लोगो फाटलेले. ब्लॉक केलं, विषय संपला.

डीटीपीवाला
पक्या, तीन वेळा जमलं, चौथ्यांदा खरी नोकरी ब्लॉक करशील. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की ते दाबून लहान करतं. खरं पत्रही दोन-तीन हातांतून फिरलं की गढूळ होतं. वागळे इस्टेटला अठरा वर्षं पत्रिका आणि लेटरहेड लावतोय, म्हणून सांगतो: धुरकटपणा आहे का हे बघू नका, तो सगळीकडे सारखा आहे का ते बघा.

पूर्ण पान सारखंच गढूळ असेल तर त्यावरून काहीच म्हणता येत नाही. अक्षरं स्वच्छ आणि लोगो एकटाच फुटलेला, तर कोणीतरी वेबसाइटवरचा नखाएवढा लोगो ओढून मोठा केलाय. अशा लोगोभोवती बऱ्याचदा पांढरा चौकोनही दिसतो, कारण कागद किंचित पिवळसर असतो आणि लोगोची पार्श्वभूमी पांढरीफटक.

आणि याच्या उलट दिसलं तर जास्त सावध व्हा. लोगो, मजकूर, शिक्का सगळं गढूळ, पण तुमचं नाव, पगार आणि तारीख कोरी करकरीत. म्हणजे दुसऱ्या कोणाचं तरी खरं पत्र घेऊन वर नवीन नाव टाइप केलंय. स्कॅन करताना कागद जरासा तिरका बसतो, त्यामुळे जुन्या ओळी एका बाजूला उतरतात. नवीन नाव मात्र सरळ रेषेत उभं. मोबाइलवर पट्टी आडवी धरा, लगेच दिसेल.

ताई, तुमच्या पत्रात बेरीज चुकली ती यामुळेच असणार. एकूण आकडा बदलला, वरचे तीन तसेच राहिले.

कळवेकरीण
अगदी हेच! आत्ता पट्टी लावून बघितलं. ओळी उजवीकडे उतरताहेत आणि भाच्याचं नाव तेवढं सरळ. 24,500 सुद्धा सरळ. मला आधी दिसलंच नाही.

मुक्ता_कोपरखैरणे
माझा अनुभव थोडा वेगळा आहे. माझ्या जुन्या ऑफिसने अनुभवपत्र द्यायला चार महिने लावले आणि शेवटी जे दिलं त्यावर लोगोच नव्हता. नवीन ठिकाणी पडताळणीत अडकलंय. लोगो नसलेलं पत्र चालतं का?

ऐरोलीची एचआर
मुक्ता, चालतं. लेटरहेड नसेल तर सही, शिक्का आणि त्या ऑफिसकडून मेलवर दुजोरा मागतात. तुझ्या जुन्या एचआरला मेल करायला सांग. पण हा धागा ऑफर लेटरचा आहे गं.

मूळ मुद्द्यावर. डीटीपीवाले दादा म्हणतात ते बरोबर, पण हल्ली काही पत्रं इतकी नीट बनवलेली असतात की पट्टीही हरते. लोगो, पत्ता, सहीचं नाव, सीआयएन म्हणजे कंपनीचा 21 अक्षरांचा नोंदणी क्रमांक, सगळं खरं. कारण सगळं उघड मिळतं, उचलायला वेळ लागत नाही. सीआयएन सरकारी संकेतस्थळावर सापडला म्हणून पत्र खरं ठरत नाही, तेवढी कंपनी खरी ठरते.

ज्या पत्त्यावरून मेल आला तो उचलता येत नाही, निदान सहजासहजी. आमच्याकडे महिन्यातून एक-दोन मुलं गेटवर अशी पत्रं घेऊन येतात. परवाच्या पत्रात तळाला आमचाच बरोबर मेल छापलेला होता, पण मुलाला पत्र आलं ते या पत्त्यावरून:

```
hr@xyz.com.joining-desk.in
```

(आमच्या नावाऐवजी xyz लिहिलंय.) मुलगा म्हणाला, "मॅडम, xyz.com तर आहे ना त्यात!" आहे, पण पत्ता उजवीकडून वाचायचा. मालक शेवटचा: joining-desk.in. त्याच्या आधी कोणीही काहीही लावू शकतं. शेवटी co.in असेल तर आणखी एक शब्द डावीकडे जायचं. आणि मोबाइलवर बारीक अक्षरांत `rn` हे `m` सारखं दिसतं, त्यामुळे पत्ता कॉपी करून मोठ्या अक्षरांत बघा.

घणसोलीचा पक्या
मग मेल जीमेलचा असला की खोटा, एवढं तरी पक्कं ना?

ऐरोलीची एचआर
मोठ्या कंपनीच्या नावाने जीमेल आला तर हो, थांबच. पण तुर्भे-महापे बाजूचे छोटे कॉन्ट्रॅक्टर खरोखर जीमेलच वापरतात. तिथे पत्रावरच्या नंबरला फोन करू नकोस, कंपनीचा नंबर स्वतः शोधून लाव. नाहीतर जाऊन ये, ट्रान्स हार्बरने कितीसा वेळ लागतो.

सिस्टीमवाले काका
एक पुस्ती जोडतो. जीमेलमध्ये लॅपटॉपवर मेल उघडून तीन टिंबांत `Show original` दाबा. SPF, DKIM, DMARC समोर PASS किंवा FAIL दिसतं. FAIL आलं तर सावध व्हा. PASS आलं म्हणून मात्र हुरळून जाऊ नका. joining-desk.in चा मेलही PASS दाखवेल, कारण तो खरोखर तिथूनच आलेला असतो. PASS म्हणजे पत्त्यात खाडाखोड नाही, एवढंच. तो पत्ता कोणाचा, हे आपणच बघायचं.

कळवेकरीण
पण भाच्याला मेल आलाच नव्हता हो. सगळं व्हॉट्सॲपवर.

ऐरोलीची एचआर
मग त्या लोकांना एवढंच म्हणायचं, "पत्र कंपनीच्या मेलवरून पीडीएफ पाठवा." खरा एचआर तासाभरात पाठवेल. खोटा म्हणेल सर्व्हर डाउन आहे.

कळवेकरीण
म्हणायला लावलं. उत्तर: "मेल ओन्ली आफ्टर सेकंड पेमेंट." 1930 वर फोन करून तक्रार नोंदवली, cybercrime.gov.in वरही केली. पण पैसे भरून बारा दिवस झाले होते. अजून काही हाती लागलेलं नाही. पोरगा गप्प गप्प असतो.

नेरूळ_स्टेशन
माझ्याकडचं पत्र सांगतो. पान सगळीकडे सारखं गढूळ, बेरीज बरोबर, मेल कंपनीच्याच पत्त्यावरून, PASS पण आहे. पैसे मागितलेले नाहीत. फक्त मुलाखत झालीच नाही, आणि मी तिथे अर्ज केल्याचं मला आठवत नाही.

डीटीपीवाला
कागदात तर खोट दिसत नाही. एचआर ताई?

ऐरोलीची एचआर
मलाही कळत नाहीये. कदाचित कोणा कन्सल्टंटने तुमचा सीव्ही पाठवला असेल, कदाचित त्यांच्याकडचा कोणाचा तरी मेल हॅक झाला असेल. आधार आणि बँकेचे तपशील अजून देऊ नका. सोमवारी ऑफिसच्या रिसेप्शनला फोन करा आणि इथे लिहा.