अनुभव धागा : ताटकळलेल्या उमेदवारांना तुम्ही काय कळवलंत, तुम्हाला काय कळवलं गेलं?

जळगाव, पाइप कारखान्यात उत्पादन विभाग

सुरुवात माझ्याच प्रकरणाने करतो. क्वालिटी सुपरवायझरच्या एका जागेसाठी 12 मेला पाच जणांच्या मुलाखती घेतल्या आणि प्रत्येकाला "आठ दिवसांत कळवतो" म्हणालो. जागा मंजूर होती. पण ठिबकच्या अनुदानाचे पैसे अडकले, डीलरांची उधारी थकली आणि 20 मेला मालकांनी नवीन भरती थांबवली. त्यानंतर महिनाभर मी उमेदवारांचे फोन टाळले. सांगण्यासारखं काही नाही, असं स्वतःला समजावत होतो. शेवटी 19 जूनला हे पाठवलं:

"नमस्कार. आठ दिवसांत कळवतो म्हणालो होतो, आज 38 दिवस झाले. मधल्या काळात फोनही उचलले नाहीत, ही माझी चूक आहे. माफ करा. कंपनीने 20 मेपासून नवीन भरती थांबवली आहे. तुमच्यापैकी कुणाची निवड झालेली नाही, कुणाला नकारही दिलेला नाही. 30 जूनच्या बैठकीत हा विषय आहे; जागा रद्दही होऊ शकते. निर्णय माझ्या हातात नाही. 1 जुलैला संध्याकाळपर्यंत मी प्रत्येकाला फोन करेन, निर्णय झाला नसला तरी. दुसरीकडे काम मिळत असेल तर घ्या. आमच्या भरवशावर राजीनामा देऊ नका."

दुसऱ्या दिवशी एकाचा फोन आला. "साहेब, राजीनामा तर मी 25 मेलाच दिला. तुम्हीच म्हणाला होतात, तुमचं जवळपास पक्कं आहे." म्हणालो होतो, खरं आहे. तेव्हापासून झोप नीट नाही. तुमचे अनुभव सांगा.

धुळे, तीस वर्षं एचआर, आता निवृत्त

भाऊ, मजकूर चांगला आहे. त्यात तारीख आहे आणि निर्णय कुणाचा तेही आहे. आम्ही "प्रक्रिया सुरू आहे" एवढंच लिहायचो आणि पोरं तेवढ्यावर तीन-तीन महिने काढायची. पण ज्याला तोंडी आशा दाखवली, त्याला सगळ्यांचा मेसेज जायच्या आधी वेगळा फोन हवा होता. त्याचा नोटीस पिरियड संपायचा असेल तर राजीनामा मागे घेता येतो का, हे जुन्या मालकाला आजच विचारायला सांगा. मालकाने मान्य करायलाच हवं असं नाही. पण जागेवर नवा माणूस आला नसेल तर बरेच जण मान्य करतात. लागलं तर तुम्ही स्वतः त्या मालकाशी बोला, मात्र त्या मुलाची परवानगी घेऊन.

भुसावळ, दुकानदार

कारण लिहून द्यायचंच नाही. लेखी दिलं की उद्या कोर्टात उभं करतील. माझ्या मेहुण्याने असंच लिहून दिलं आणि फार त्रास झाला.

धुळे, निवृत्त एचआर

दादा, निम्मं बरोबर आहे. लेखी अडचण करतं ते "तुम्हाला घेतोच" हे वाक्य. भरती थांबली आहे, एवढं खरं सांगण्याने मला कधी त्रास झाला नाही. मात्र मालकाचा हिशेब बाहेर सांगायचा नाही, अनुदान आणि उधारी मेसेजमध्ये आली नाही ते योग्यच. दुसऱ्या उमेदवाराचं नावही नको.

नंदुरबार, बीएस्सी

माझंही असंच आहे. सरकारी भरतीचा फॉर्म 2019ला भरला, परीक्षा झालीच नाही. तुमच्याकडे जागा असेल तर बायोडाटा कुठे पाठवू?

जळगाव, उत्पादन विभाग

ताई, भरती बंदच आहे, आता बायोडाटा मागवला तर तुमचीही तीच गत करेन.

चोपडा, सध्या चाकणला

मी उमेदवाराच्या बाजूने सांगतो. एका कंपनीत मी दुसऱ्या क्रमांकावर होतो. पहिल्याने ऑफर घेतली होती, पण तो 90 दिवसांच्या नोटीसवर होता. हजर होईपर्यंत मला राखून ठेवायचं होतं. दर आठवड्याला "पॉझिटिव्ह आहे" असं सांगायचे. वडील केळीचं कटिंग माझ्या तारखेसाठी पुढे ढकलत राहिले, शेवटी घड बागेतच पिकायला लागले. तुम्ही दुसरे आहात, असं सांगितलं असतं तर मी तेव्हाच चाकण गाठलं असतं.

शिरपूर, सूतगिरणीत भरती पाहते

हे मला अजून उलगडलेलं नाही. एकाला "तुम्ही दुसरे" म्हणाले, तर त्याने रागाने माघार घेतली आणि आठवड्यात पहिलाही गळाला. तरी आता सांगते. भाऊ, तुम्ही मेसेज कसा पाठवलात? ग्रुप केला असेल तर पाचांचे नंबर एकमेकांना दिसले.

जळगाव, उत्पादन विभाग

ग्रुप नाही, व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट केली.

शिरपूर

मग आधी तपासा. ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्याला ब्रॉडकास्ट पोचतच नाही. आमच्याकडे तिघींना मेसेज गेलाच नव्हता आणि मी समजत होते, त्या रुसल्या म्हणून उत्तर देत नाहीत.

जळगाव, उत्पादन विभाग

मेसेज इन्फो उघडून पाहिलं. चौघांनाच पोचलाय. पारोळ्याच्या मुलाला काहीच गेलेलं नाही, तो 12 मेपासून वाट बघतोय. आधी त्याला फोन लावतो, मग राजीनामा दिलेल्याच्या मालकाचं विचारतो.