सॅम शून्य, तरी जंगल काळं: पॅनशार्पन केलेले रंग खरे मानायचे का?

ढगविरहित
लँडसॅट ८ चं एक दृश्य घेतलं. निळा, हिरवा, लाल आणि निअर-इन्फ्रारेड असे ३० मीटरचे चार बँड १५ मीटरच्या पॅनने, म्हणजे कृष्णधवल बँडने, धारदार केले. `gdal_pansharpen.py` वापरलं, वेटेज काही दिलं नाही. मग मूळ चित्र १५ मीटरवर ताणून त्याच्याशी सॅम, म्हणजे दोन चित्रांच्या वर्णपटांमधला कोन, काढला, तर सगळीकडे शून्य. म्हणजे रंग जसेच्या तसे राहिले, असं माझं म्हणणं. ऑफिसातला सहकारी म्हणतो, पॅनशार्पन केलेल्या चित्रातला एकही आकडा मोजणीला घ्यायचा नाही, ते फक्त बघायला. जंगल जरा काळवंडलंय हे मलाही दिसतंय, पण शून्य म्हणजे शून्य ना? कोण बरोबर?

नकाशावाली
काळवंडलंय ते स्ट्रेचमुळे. मी छपाईचे नकाशे करते, माझ्याकडे हे दर आठवड्याला होतं. सॉफ्टवेअर प्रत्येक चित्राला आपापल्या किमान-कमालाप्रमाणे ताणतं, मग दोन चित्रं शेजारी ठेवली की एक फिकं आणि एक गडद दिसतं. दोन्हींना एकच किमान-कमाल द्या, जंगल पुन्हा हिरवं होईल. रंग गेला म्हणून ओरडणारे निम्मे लोक खरं तर स्ट्रेचशी भांडत असतात.

ढगविरहित
ते करून झालं. पिक्सेलवर क्लिक करूनच आकडे वाचले. दाट झाडीत लाल बँडचं परावर्तन ०.०४ होतं, ते ०.०१५ झालं. शेजारच्या उघड्या जमिनीत ०.२२ चं ०.२२ च आहे.

रास्टरकाका
हे दोन आकडे दिलेत ते बरं केलंत, सगळा घोळ त्यातच आहे.

तुम्ही वापरलेलं साधन ब्रोव्हीच्या घराण्यातलं. दिलेल्या बँडांपासून ते एक नकली पॅन बनवतं, खऱ्या पॅनला त्याने भागतं, आणि येणाऱ्या गुणकाने त्या पिक्सेलचे सगळे बँड गुणतं. वेटेज दिलं नाही तर चारही बँडांना समान वाटा. पण लँडसॅट ८ चा पॅन ०.५०३ ते ०.६७६ मायक्रोमीटर एवढाच बघतो. निअर-इन्फ्रारेड त्याच्या गावीही नाही, आणि निळ्याची नुसती शेपटी त्यात येते.

आता तुमची झाडी घ्या. समजा निळा ०.०३, हिरवा ०.०६, लाल ०.०४ आणि निअर-इन्फ्रारेड ०.४०. चौघांची सरासरी ०.१३. खऱ्या पॅनला मात्र हिरवा आणि लालच दिसतो, म्हणून तो ०.०५ च्या आसपास. गुणक आला ०.३८. लाल ०.०४ चा ०.०१५ झाला, तुम्ही वाचलात तोच आकडा. उघड्या जमिनीत चारही बँड त्या मानाने जवळजवळ असतात, त्यामुळे नकली आणि खरा पॅन सारखेच निघतात आणि तिथे काही हलत नाही.

आणि सॅम शून्य का? सॅम बँडांमधलं प्रमाण बघतो, उजेड किती ते बघत नाही. चारही बँडांना एकाच आकड्याने गुणल्यावर प्रमाण बदलणार कसं? ब्रोव्हीला सॅमने तपासणं म्हणजे परीक्षार्थ्यानेच काढलेल्या प्रश्नपत्रिकेवर त्याची परीक्षा घेणं. जंगल पूर्ण विझवून टाकलंत तरी शून्यच येईल.

निदान एवढं करा:

```
gdal_pansharpen.py -w 0.05 -w 0.5 -w 0.45 -w 0 -r cubic \
  B8.tif B2.tif B3.tif B4.tif B5.tif out.tif
```

नकली पॅनमध्ये निअर-इन्फ्रारेडचा वाटा शून्य. हे आकडे मी अंदाजाने दिलेत. नीट करायचं तर पॅन ३० मीटरवर उतरवून तिन्ही बँडांशी त्याचं रिग्रेशन करा आणि येतील ती वेटेज घाला.

अनघड
लँडसॅट ७ वर मला बरोबर उलटं दिसलं होतं. तिथला पॅन ०.५२ ते ०.९० पर्यंत जातो, म्हणजे निअर-इन्फ्रारेड त्याच्या पोटात. मी फक्त लाल-हिरवा-निळा दिला आणि जंगल ट्यूबलाइटसारखं पेटलं. तेव्हापासून ब्रोव्ही सोडलं. ग्राम-श्मिट वापरा, सगळे प्रश्न संपतात. तो प्रत्येक बँडला वेगळा गुणक देतो.

ढगविरहित
काकांची वेटेज घातली, जंगल जागेवर आलं. शिवाय १५ मीटरचं चित्र सरासरी करून परत ३० वर आणलं, तर चारही बँड मूळ आकड्यांशी जवळपास जुळतात. आता तर मानाल? उद्यापासून एनडीव्हीआय, म्हणजे लाल आणि निअर-इन्फ्रारेडवरून काढलेला हिरवाईचा निर्देशांक, १५ मीटरवर.

रास्टरकाका
थांबा. ही परत ३० वर आणायची तपासणी करायलाच हवी. पहिली चूक तिने लगेच पकडली असती. पण ती पास होऊनही निअर-इन्फ्रारेड साफ खोटा असू शकतो.

जंगलाच्या कडेचा एकच ३० मीटरचा पिक्सेल घ्या. अर्ध्यात झाडी, अर्ध्यात उघडी जमीन. झाडीचा लाल ०.०४, निअर-इन्फ्रारेड ०.४०. जमिनीचा लाल ०.२२, निअर-इन्फ्रारेड ०.२८. उपग्रहाला ३० मीटरवर दोघांची सरासरी दिसते: लाल ०.१३, निअर-इन्फ्रारेड ०.३४. पॅनला १५ मीटरवर झाडी ०.०५ आणि जमीन ०.१९ दिसते, सरासरी ०.१२. म्हणजे झाडीकडच्या दोन पिक्सेलांना गुणक ०.४२ आणि जमिनीकडच्या दोघांना १.५८.

लाल बँड: झाडी ०.०५४, जमीन ०.२०६. खऱ्याच्या बरेच जवळ, तक्रार नाही.

निअर-इन्फ्रारेड: झाडी ०.१४, जमीन ०.५४. खरे आकडे ०.४० आणि ०.२८. नुसती चूक नाही, उलटापालट आहे. झाडी अंधारात गेली आणि माती चमकायला लागली. आता ०.१४ आणि ०.५४ ची सरासरी काढा. ०.३४. तुमची तपासणी पास.

एनडीव्हीआयचं तर आणखी गमतीशीर. दोन्ही बँडांना एकच गुणक लागल्यामुळे तो वर-खाली कटून जातो. झाडीवर ०.४५ आणि जमिनीवरही ०.४५, जो ३० मीटरवर होता तोच. खरा झाडीवर ०.८२ आणि जमिनीवर ०.१२. म्हणजे तुमचा १५ मीटरचा एनडीव्हीआय हा ३० मीटरचाच आहे, फाइल तेवढी चौपट मोठी.

अनघड, ग्राम-श्मिटचं अर्धं पटतं. प्रत्येक बँडला वेगळा गेन मिळतो हे खरं, पण तो अख्ख्या दृश्याला मिळून एकच असतो. पाणी पॅनमध्येही काळं आणि निअर-इन्फ्रारेडमध्येही काळं. जंगल पॅनमध्ये काळं पण निअर-इन्फ्रारेडमध्ये झगझगीत. दृश्यात तलाव जास्त असले तर गेन धन येतो आणि जंगलाची कड वरच्यासारखीच उलटते. जंगल जास्त असलं तर गेन शून्याकडे किंवा ऋण जातो आणि तलावाचा काठ बिघडतो. छोट्या छोट्या खिडकीत गेन काढणाऱ्या पद्धती यावर बऱ्या उतरतात, पण खिडकी लहान केली की गोंगाट वाढतो.

ढगविरहित
मग खोटेपणा पकडायचा कसा? १५ मीटरचा खरा निअर-इन्फ्रारेड माझ्याकडे नाहीच. असता तर हा उद्योग कशाला केला असता?

रास्टरकाका
एक पायरी खाली उतरून. वाल्ड आणि मंडळींनी १९९७ साली मांडलेली युक्ती आहे. पॅन ३० वर उतरवा, बाकीचे बँड ६० वर उतरवा. मग ६० चं ३० करा. ३० मीटरचं खरं उत्तर तुमच्या हातात आहेच, त्याच्याशी ताडून बघा. आता सॅमलाही अर्थ आहे, कारण तुलना ताणलेल्या चित्राशी नसून खऱ्या मोजमापाशी होते.

```
gdalwarp -tr 60 60 -r average -te xmin ymin xmax ymax B5.tif B5_60.tif
gdalwarp -tr 30 30 -r average -te xmin ymin xmax ymax B8.tif B8_30.tif
```

`-te` दोन्हींना एकच आणि मूळ ३० मीटरच्या जाळीवर बसणारा द्या. लँडसॅटमध्ये पॅनच्या ओळी-रकाने बाकीच्या बँडांच्या बरोबर दुप्पट नसतात, दुपटीपेक्षा एक कमी असतात, कारण पिक्सेलांची केंद्रं जुळवलेली असतात, कडा नाहीत. नुसतं ॲरे दोनने ताणलंत की साडेसात मीटर सरकलात. मग प्रत्येक बांधाला एका बाजूने रंगीत किनार येते आणि आपण पद्धतीला शिव्या देत बसतो.

आणि अख्ख्या दृश्याचा एकच सरासरी आकडा काढून थांबू नका. फरकाचं चित्र काढा. मोकळ्या मैदानात फरक शून्याजवळ असतोच, तोच सरासरीला गोड करतो. पाप सगळं कडेला असतं.

अनघड
एक शंका. ६० वरून ३० ला जे चालतं ते ३० वरून १५ ला चालेल हे कशावरून? बारीक जाल तसे पिक्सेल शुद्ध होतात, झाडी निव्वळ झाडी, जमीन निव्वळ जमीन. तुमची ती उलटापालट तिथे जास्त होईल की कमी?

रास्टरकाका
दृश्यावर अवलंबून. मोठी सलग जंगलं असतील तर ६० ला कडा कमी आणि ३० ला त्याहून कमी. चिंचोळी शेतं असतील तर सांगवत नाही. ही त्या तपासणीची खरी मर्यादा आहे आणि तिच्यावर माझ्याकडे उपाय नाही.

बांधावरून
सहकाऱ्याची बाजू मी घेतो. मी वर्गीकरण करतो. कडा पॅनवरून आखतो, तुकडे पाडतो, आणि प्रत्येक तुकड्याचे आकडे मूळ ३० मीटरमधून घेतो. धारदार चित्र फक्त शेजारच्या खिडकीत उघडं असतं, बघायला. खोटा निअर-इन्फ्रारेड बनवायचा, मग तो किती खोटा हे मोजायचं, हा द्राविडी प्राणायाम कशाला?

अनघड
तुमचा तुकडा दोन पिक्सेल रुंद असला की त्यातले ३० मीटरचे सगळेच पिक्सेल शेजाऱ्याने बाटलेले. मग तुमचा आकडाही खोटाच, फक्त गुळगुळीत खोटा.

बांधावरून
इतके चिंचोळे तुकडे मी वर्गीकरणातून काढूनच टाकतो.

नकाशावाली
म्हणजे ओढ्याकाठची झाडी नकाशातून गायब! आणि मला नेमकी तीच दाखवायची असते. माझं लाल-हिरवा-निळा चित्र मात्र काकांच्या हिशोबातही सुटलं, खरं ना?

रास्टरकाका
लाल आणि हिरवा बऱ्यापैकी सुटले. निळ्याची हमी देत नाही, तो पॅनमध्ये जवळपास नाहीच. तो पॅनबरोबर वर-खाली होतो म्हणून निभावतं. उथळ पाण्यावर आणि धुरकट भागावर मात्र बारीक नजर ठेवा.

ढगविरहित
६० ते ३० करून बघितलं. लालच्या फरकाच्या चित्रात जवळजवळ काही दिसत नाही. निअर-इन्फ्रारेडच्या चित्रात जंगलाची अख्खी कड उमटलीय, आतून गडद, बाहेरून उजळ. तलावाचा काठ मात्र स्वच्छ आला. सहकाऱ्याला दाखवलं तर तो म्हणतो, "मग लाल बँड तरी मोजणीला घेऊ या का?" आता भांडण त्यावर चाललंय.