बारावीनंतरचा वेबिनार: सगळ्यांसाठी की फक्त ऑप्शन फॉर्मसाठी?

समुपदेशक, कॉलेज रोड: येत्या रविवारी सायंकाळी ६ ते ७:३०, झूमवर मोफत वेबिनार. विषय 'बारावीनंतरचे करिअर पर्याय'. पहिली ५० मिनिटं मांडणी, मग प्रश्नोत्तरं. एमएचटी-सीईटी (पीसीएम) दिलेले विद्यार्थी आणि पालक, शक्यतो दोघांनी एकत्र बसावं. स्कोअरकार्ड हाताशी असू द्या. काही सूचना?

इंदिरानगर, पालक: मुलगी कॉमर्सला आहे, सीए करायचं म्हणते. आम्ही जॉइन व्हावं ना? फाउंडेशन वर्षातून तीनदा होते म्हणे.

सातपूर, प्राध्यापक: ताई, तुमचा दोष नाही, शीर्षकाचा आहे. वर 'करिअर पर्याय' आणि खाली फक्त पीसीएम! माझा आक्षेप तोच आहे. दीड तासात इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग, सीए सगळं उरकायला गेलात तर हाती काही लागत नाही. शीर्षकच 'कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म कसा भरावा' असं करा. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, चार फेऱ्या संपेपर्यंत मुलं अडकतात ती तिथेच, पसंतीची यादी लावताना.

पंचवटी, क्लासचालक: मला नाही पटत. फॉर्म सायबर कॅफेवालाही भरून देतो. मुलांना आधी कळायला हवं की इंजिनिअरिंग घ्यायचं की नाही. आणि पहिल्या फेरीत नको ते मिळालं तर 'नॉट फ्रीझ' करून पुढे जाता येतंच की.

सातपूर, प्राध्यापक: अर्धंच बरोबर. २०२५ पासून नियम असा आहे: पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ऑटो फ्रीझ. ते घ्यायचं, नाहीतर कॅपच्या पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींना हेच लागू, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना. 'नॉट फ्रीझ'ची मुभा त्याखालच्या पसंतीलाच. म्हणून वरचे सहा क्रमांक म्हणजे 'मिळालं तर खरंच जाईन' एवढेच हवेत.

आता कॅफेवाला काय करतो ते बघा. समजा मुलाला ९३ पर्सेंटाइल आहेत. 'वरचं कॉलेज टाकलं तर खालचं हातचं जाईल' या भीतीने घराजवळचं सोपं कॉलेज पहिलं टाकतात. ही भीती खोटी आहे. जागा ठरते मेरिटवर. तुम्ही एखादं कॉलेज सातवं टाकलं म्हणून तिथला तुमचा हक्क कमी होत नाही. पण सोपं पहिलं टाकलंत तर ते लागतंच, आणि ऑटो फ्रीझ होऊन आवडतं कॉलेज कायमचं सुटतं.

दुसरी चूक टीएफडब्ल्यूएसची. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर या जागांवर ट्यूशन फी माफ असते, बाकीची फी भरावी लागते. त्यांचा चॉइस कोड वेगळा, शेवटी T असतो. त्याच कॉलेजचा, त्याच शाखेचा साधा कोड पहिला आणि T चा चौथा टाकला, तर साधी जागा लागली की यादी तिथेच थांबते. चौथ्यापर्यंत कुणी बघतच नाही. पूर्ण फी भरत बसा मग. T चा कोड नेहमी साध्याच्या वर. कट-ऑफ जास्त असतो, लागला नाही तर खालचा साधा आहेच.

समुपदेशक, कॉलेज रोड: T चा मुद्दा घेते. स्क्रीनवर डमी यादी लावून क्रम बदलून दाखवेन. शीर्षकही बदलते. कॉमर्सवाल्या ताईंसाठी वेगळं सत्र ठेवावं लागेल, या रविवारी वेळ घालवू नका.

ओझर, आयटीवाला: एक तांत्रिक गोष्ट. झूमचं फुकटचं खातं ४० मिनिटांत बंद पडतं. तुमची ५० मिनिटांची मांडणीच मधे तुटेल, प्रश्नोत्तरं राहिली बाजूला. पैसे भरलेलं खातं घ्या, नाहीतर दुसरी लिंक आधीच देऊन ठेवा.

पंचवटी, क्लासचालक: टीएफडब्ल्यूएसचं मान्य. पण यादी भरण्याआधी दाखले लागतात, त्यावर कुणी बोलत नाही. नॉन क्रीमीलेअर पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं, मुदत संपलेलं जुनं दाखवून भागत नाही. मुलं फॉर्मच्या आठवड्यात सेतूवर धावतात. असला वेबिनार निकालाच्या आधी हवा होता.

समुपदेशक, कॉलेज रोड: निकालाआधी घेतला तर पालक गंभीरपणे बसत नाहीत, पर्सेंटाइल हातात नसतं.

सातपूर, प्राध्यापक: दोन घ्या. दाखल्यांचा अर्ध्या तासाचा, मे महिन्यात. यादीचा वेगळा.

इंदिरानगर, पालक: बरं. पण शाखा आधी की कॉलेज आधी, हे तरी सांगा. भाच्याला नाशिकमध्ये कॉम्प्युटर मिळेल आणि पुण्यात मेकॅनिकल.

पंचवटी, क्लासचालक: शाखा.

सातपूर, प्राध्यापक: मी कॉलेज म्हणेन. यावर रविवारी पुन्हा भांडू.