सहकाऱ्याला अंगाच्या वासाबद्दल कसं सांगितलंत? तुमचे अनुभव लिहा

पळसपान (धागाकर्ती)

मी यवतमाळ जिल्ह्यात एका उपकेंद्रात काम करते. आमच्याकडे नवीन आरोग्यसेवक आला आहे. कामाला चोख, आणि म्हाताऱ्या माणसांशी इतकं आपुलकीनं बोलतो की लोक त्याची वाट पाहतात. पण त्याच्या अंगाला घामाचा उग्र वास येतो. गृहभेटीला गेलो की बाया पदर नाकाशी धरतात. आशाताई जीपमध्ये त्याच्या शेजारची जागा सोडून मागे दाटीवाटीनं बसतात. सगळ्यांना माहीत आहे, त्याला एकट्याला माहीत नाही.

एखाद्या दिवशी कोणीतरी चार लोकांत बोलून जाईल, त्याआधी त्याला नीट कळावं असं मला वाटतं. ज्यांनी असं कोणाला सांगितलं आहे, किंवा ज्यांना कोणी सांगितलं आहे, त्यांनी प्रसंग लिहा. कुठे सांगितलं, नेमके शब्द कोणते, आणि दुसऱ्या दिवशी काय झालं.

खारपाणकर

ताई, माझा अनुभव डाळमिलचा, अकोला जिल्ह्यातला. आमच्या पॅकिंगमध्ये एक ऑपरेटर आहे, वयानं माझ्याहून मोठा, मी त्याला दादा म्हणतो. पावसाळ्यात त्याच्या अंगाला इतका वास यायला लागला की पोरं डबा घेऊन बाहेर शेडखाली बसू लागली. कोणीतरी त्याच्या खुंटीला नवीन साबणाची वडी अडकवून ठेवली. त्याला वाटलं कंपनीनं वाटली. तो ती घरी घेऊन गेला आणि आम्हालाच विचारू लागला, तुम्हाले नाही भेटली का? इशाऱ्यातून असंच होतं. ज्याला कळायला हवं त्याला कळत नाही, बाकीचे मात्र हसून घेतात.

मी शनिवारी सुटीच्या वेळी धर्मकाट्याजवळ त्याला गाठलं. सकाळी मुद्दाम नाही सांगितलं, कारण सकाळी सांगितलं असतं तर बिचाऱ्याला दिवसभर त्याच लोकांत अंग चोरून उभं राहावं लागलं असतं. संध्याकाळी माणूस सरळ घरी जातो, आणि दुसऱ्या दिवशी रविवार. गाडीला टेकून दोघं उभे होतो, समोरासमोर नाही.

म्हटलं, "दादा, एक अवघड गोष्ट बोलतो. तुह्या अंगाले घामाचा वास येते, काही दिवसांपासून येते. आपला वास आपल्याले समजत नाही, म्हणून मी सांगून राहिलो." एवढंच. पुढं मी गप्प राहिलो. त्या वेळी तोंड बंद ठेवणं फार जड जातं, पण आपण बोलत सुटलो की ते समजावणं राहत नाही, भाषण होतं.

तो म्हणाला, "मी रोज आंघोळ करतो ना बाप्पा!" मी म्हटलं, "करतच असशील, मी आंघोळीचं म्हणतच नाही." मग त्यानं विचारलं, "अजून कोण कोण म्हणते?" ह्या प्रश्नाची तयारी ठेवून जा. मी एवढंच म्हटलं, "मी माह्या नाकाचं सांगतो." सगळे म्हणतात असं एकदा बोललात की दुसऱ्या दिवशी तो प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत बसतो.

थोड्या वेळानं तोच बोलू लागला. कंपनीनं दिलेले पॉलिस्टरचे दोनच टी-शर्ट. रात्री धुवायचा, घरात दोरीवर टाकायचा, सकाळी अर्धा ओला अंगात घालायचा. गावातलं पाणी खारं, साबणाला फेस धरत नाही, कपड्यातला घाम निघतच नाही. गोडं पाणी टँकरचं, ते पिण्यापुरतं. म्हणजे माणूस स्वच्छच होता, वास कपड्यात बसला होता. आम्ही दोघांनी ठरवलं की टी-शर्ट उलटा करून काखेकडचा भाग आधी घासायचा, शेवटचं खळबळणं तेवढं गोड्या पाण्यात करायचं, आणि पूर्ण वाळल्याशिवाय घालायचा नाही. सुपरवायझरला मी सगळ्यांसाठीच तिसरा टी-शर्ट मागितला, सुती, दादाचं नाव न घेता. तो मिळाला.

सोमवारी मी गेल्या गेल्या त्याला पट्ट्याच्या आवाजाबद्दल विचारलं, नेहमीसारखं. तो आठवडाभर माझ्यापासून जरा दूरच होता. मी मागे लागलो नाही. नंतर एक दिवस डबा घेऊन आपणहून शेजारी येऊन बसला.

बापूराव_वरूड

एवढं कशाला करायचं? वास पोटातून येतो. पोट साफ नसलं, कांदा लसूण जास्त झाला की घाम मारतो. त्याला रात्री त्रिफळा घ्यायला सांगा आणि आंघोळीच्या पाण्यात तुरटी फिरवायला सांगा. आमच्या संत्र्याच्या बागेत तोडणीला येणाऱ्या एकाला मी हेच सांगितलं होतं, फरक पडला.

सिस्टर_ग्रामीण

बापूराव, लसणाचा वास श्वासात आणि थोडा घामात उतरतो, ते खरं. तुरटीही उपयोगाची आहे, तिनं जंतू दबतात. पण ती पाण्यात फिरवण्यापेक्षा आंघोळीनंतर ओल्या काखेत खडा फिरवला तर जास्त उपयोग होतो, फक्त कातडी सोललेली नसावी. पोट साफ करून काखेचा वास जात नाही. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतोच. काखेत आणि जांघेत जो दाट घाम येतो तो कातडीवरचे जंतू खातात आणि वास त्यातून तयार होतो. पॉलिस्टरला हा वास सुती कापडापेक्षा जास्त धरून बसतो, म्हणून खारपाणकरांचं निदान बरोबर निघालं.

पळसपान, तुम्हाला दोन गोष्टी सांगते. एक, त्याला वास येत नाही हे तो सोंग करत नाही. नाकाला सतत मिळणारा वास काही वेळानं जाणवेनासा होतो, स्वतःचा तर नाहीच जाणवत. म्हणून "तुला कळत नाही का?" हे वाक्य तोंडातून निघू देऊ नका. दोन, वास अचानक बदलला असेल, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास असेल, तहान आणि लघवी वाढली असेल, तर ते साखरेचं लक्षण असू शकतं. तेव्हा संध्याकाळची वाट पाहू नका, त्याच दिवशी साखर तपासा. तुम्ही उपकेंद्रातच आहात. पण निदान सांगत त्याच्याकडे जाऊ नका. काय जाणवतं तेवढं सांगा, कारण त्याला सांगू द्या.

गोंडखैरीचा_मास्तर

आमच्या शाळेत एक शिक्षक दिवसभर खर्रा खातात. वर्गातल्या पोरांना त्रास होतो. मी मुख्याध्यापकांकडे तक्रार दिली आहे. अजून काही झालं नाही. हे या धाग्यात बसतं का?

खारपाणकर

सर, खर्रा ही सवय आहे, आणि शाळेत तंबाखूला मनाई आहे. तिथं तक्रार चालते. इथं ज्या माणसाचा काही नियम मोडलेला नाही त्याच्याबद्दल चाललंय.

माळावरची

मला सांगितलं गेलं होतं, त्या बाजूनं लिहिते.

मी आशा आहे. दुसऱ्या बाळंतपणानंतर शिंकलं, हसलं, पोतं उचललं की लघवी सुटायची. मी कापड घ्यायची, दिवसभरात बदलत राहायची, तरी उन्हात पायी फिरून संध्याकाळपर्यंत वास यायचाच. बैठकीत माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची. मला वाटायचं आपण नवीन आहोत म्हणून.

आमच्या गटप्रवर्तक ताईंनी मला घरी सोडायच्या निमित्तानं स्कूटीवर घेतलं. वाटेत पाण्याच्या टाकीजवळ थांबल्या. म्हणाल्या, "माय, राग नको मानू. तुझ्याजवळ बसलं की लघवीचा वास येतो. तुला काही त्रास आहे का? असला तर आपण दोघी मिळून पाहू." मी रडली. पण त्यांनी त्रास आहे का असं विचारलं ना, त्यामुळे मला तोंड उघडता आलं. नुसतं स्वच्छ राहत जा म्हणाल्या असत्या तर मी काम सोडलं असतं. कारण मी दोन वेळा आंघोळ करतच होती.

तालुक्याला तपासलं तर अंग थोडं खाली आलं होतं. व्यायाम शिकवला, लघवी रोखताना जो स्नायू आवळतो तो आवळायचा आणि सोडायचा, रोज. बऱ्यापैकी फरक आहे, पूर्ण नाही. आता मी गावात बायांना आपणहून विचारते, कारण कोणीच सांगत नाही.

वैनगंगेकाठी

एक गोष्ट अजून कोणी लिहिली नाही, म्हणून लिहितो. मी बौद्ध कुटुंबातला, गावाबाहेरच्या वस्तीत वाढलो. "यांच्या अंगाला वास येतो" हे मी शाळेत पाण्याच्या माठाजवळ ऐकलं आहे, अंग स्वच्छ असताना. त्यामुळे आज ऑफिसात कोणी कितीही प्रेमानं तेच वाक्य बोललं तरी मला आधी तो माठ आठवेल. आदिवासी सहकाऱ्यांचंही तेच.

सांगूच नका असं म्हणत नाही. पण सांगणाऱ्यानं आधी स्वतःला विचारावं, मी या माणसाच्या घरी चहा प्यालो आहे का? माझ्या डब्यात त्याचा हात जातो का? जात नसेल तर तुम्ही सांगू नका, ज्याचा जातो त्याला सांगू द्या. आणि वास खरंच अनेक दिवस येतो आहे का, हेही तपासा. फवारणीच्या किंवा सोयाबीन काढणीच्या दिवसात सगळ्यांच्याच कपड्यांना वास असतो, तेव्हा एकट्यावर बोट ठेवणं म्हणजे वेगळंच काही असतं.

पळसपान

वैनगंगेकाठी, हे लिहिलंत ते फार बरं झालं. हा सहकारी कोलाम पोडावरून आलेला आहे. आमचा डबा एकत्र होतो, त्याच्या आईच्या हातची भाकर मी खाल्ली आहे, तरी हे वाक्य त्याच्या कानी कसं पडेल हा विचार मी केला नव्हता. तो भाड्याच्या खोलीत राहतो, नळ एका दिवसाआड येतो. कपड्यांचंच असेल असं आता वाटतं, पण सिस्टर म्हणाल्या तसं ते त्यालाच सांगू देईन.

माझा अडलेला प्रश्न वेगळा आहे. मी बाई, वर त्याची वरिष्ठ. मीच सांगावं, की आमच्या दुसऱ्या आरोग्यसेवकाकडून सांगावं?

सिस्टर_ग्रामीण

पुरुषानं सांगितलेलं बरं. काखेबद्दल बाईनं सांगितलं तर तो दुप्पट लाजेल.

माळावरची

मला नाही पटत. दुसऱ्याला पाठवलं की त्याला कळणारच, की आधी दोघांत बोलणं झालं. मला ताई स्वतः बोलल्या म्हणून मी पुन्हा त्यांच्या डोळ्याला डोळा देऊ शकली.

वैनगंगेकाठी

वरिष्ठानं सांगितलं की त्याला नोकरीची भीती वाटते, हेही धरा. तो कंत्राटी असेल तर जास्तच. तुम्ही सांगितलंत तर "याचा कामाशी आणि तुझ्या अहवालाशी काही संबंध नाही" हे तोंडानं म्हणा, त्याला ते आपोआप समजणार नाही.

पळसपान

कंत्राटीच आहे. मीच बोलते, शुक्रवारी अहवाल भरून झाल्यावर, जीप येण्याआधी. खारपाणकर, तुमचं पहिलं वाक्य घेऊन जाते आहे. नळाच्या पाण्याचा विषय त्यानं काढला तर उपकेंद्राच्या मागच्या मोरीत कपडे धुवायची सोय आहे, तिची किल्ली देता येईल.