मदत हवी आहे: बाथरूमच्या लाइनला अर्धा इंची की पाऊण इंची?

निळाई
बाथरूम पूर्ण फोडलंय, आता सीपीव्हीसी पाइप भिंतीत बुजायचे आहेत. पाणी वरच्या टाकीतून आपोआप उतरतं, पंप नाही. टाकीचा तळ शॉवरपेक्षा साधारण 3 मीटर उंच आहे आणि टाकीपासून इथपर्यंत पाइप 12 मीटर भरतो. एकाच लाइनवर शॉवर, बादलीचा नळ, बेसिन, जेट स्प्रे, फ्लश आणि गीझर. प्लंबर म्हणतो, "नळच अर्धा इंची असतात, मग पाऊण इंची पाइप घालून काय फायदा?" पटतंय आणि पटत नाहीयेही.

सदू
प्लंबरचं बरोबर आहे. उलट पाइप बारीक असला की प्रेशर वाढतं. बागेच्या पाइपाचं तोंड दाबून बघा, धार किती लांब जाते!

पाना_पक्कड
सदू, तिथे फक्त तोंड दाबलेलं असतं, मागचा पाइप तेवढाच राहतो. पाणी कमी वाहतं म्हणून वाटेत प्रेशर कमी खर्च होतं आणि ते तोंडाशी धारेच्या वेगात दिसतं. बादलीत मात्र पाणी कमीच पडतं. अख्खा पाइपच बारीक केला तर प्रेशर वाटेतच संपेल.

निळाई, तुमच्या आकड्यांवर हिशेब करू. मिनिटाला 12 लिटर पाणी अर्धा इंची सीपीव्हीसीतून नेलं तर दर मीटरला साधारण 27 सेंटिमीटर उंचीइतकं प्रेशर घर्षणात जातं. 12 मीटरला झाले सव्वातीन मीटर. तुमच्याकडे आहेतच 3, आणि एल्बो, व्हॉल्व्ह मी अजून धरलेलेच नाहीत. म्हणजे एकट्या शॉवरलाही 12 लिटर मिळणार नाहीत. तेवढंच पाणी पाऊण इंचीतून नेलं तर अर्धा मीटरच जातो. शॉवर चालू असताना कोणी फ्लश केला आणि मागणी 18 लिटरवर गेली, तरी साधारण 1.1 मीटर. अर्धा इंचीत त्याच 18 लिटरना जवळजवळ 7 मीटर लागले असते.

नळ अर्धा इंची असतो हे खरं, पण त्याची बारीक वाट बोटभर लांब. खर्च लांबीवर वाढत जातो. म्हणून मुख्य लाइन शेवटच्या टीपर्यंत पाऊण इंची ठेवा आणि प्रत्येक नळाचा मीटर-दीड मीटरचा तुकडाच अर्धा इंची करा.

जुनाजाणता
आमच्या जुन्या घरात सगळं अर्धा इंचीच होतं, कधी तक्रार नव्हती.

पाना_पक्कड
लोखंडी जीआय असणार. त्या अर्धा इंचीची आतली वाट साधारण 16 मिलिमीटर असते, सीपीव्हीसीची जेमतेम साडेबारा. नाव एकच, पाइप वेगळे. बरेच प्लंबर अजून जीआयच्याच अंदाजाने चालतात.

पावसाळी_बेडूक
फ्लशला पाऊण इंचीसुद्धा पुरत नाही. सव्वा इंचीची वेगळी लाइन टाका.

निळाई
ते भिंतीतल्या फ्लश व्हॉल्व्हला ना? माझ्याकडे साधी फ्लश टाकी आहे, ती हळूहळू भरली तरी चालेल.

पावसाळी_बेडूक
अरे हो, मग सोडा.

खडीसाखर
आमच्याकडे पाऊण इंची घालूनही शॉवर रडतो. त्याचं काय?

पाना_पक्कड
बाकी सगळे नळ बंद करून शॉवरखाली बादली भरायला किती वेळ लागतो ते बघा. मग बेसिनचा नळ सोडून पुन्हा बघा. एकटा असताना ठीक आणि दुसरा नळ सोडल्यावर मरतो, तर दोघांची सामाईक वाट अपुरी आहे. एकटा असतानाही रडत असेल तर आधी शॉवरची जाळी काढून धुवा. मग टाकीजवळचा व्हॉल्व्ह बघा. पाऊण इंची लाइनवर कोणीतरी अर्धा इंची व्हॉल्व्ह ठोकलेला मी पाहिलाय. तिथेही काही नसेल तर तुमची टाकीच फार खाली आहे, पाइप बदलून उपयोग नाही.

निळाई
आणि गरम पाण्याचं? गीझरपासून शॉवरपर्यंत 8 मीटर आहेत.

पाना_पक्कड
मी तिथे अर्धा इंची टाकेन. पाऊण इंचीच्या 8 मीटरमध्ये दोन लिटर थंड पाणी साचून राहतं, अर्धा इंचीत एक. दर वेळी तेवढं वाया घालवून मग गरम येणार.

खडीसाखर
पण टाकी इतकी कमी उंच असताना 8 मीटर अर्धा इंची? गरम बाजू कमजोर पडली की मिक्सरमधून थंडच जास्त येईल. मी दोन्ही पाऊण इंची केले, थोडं थांबावं लागतं एवढंच.

पाना_पक्कड
तुमचंही चूक नाही. मिनिटाला 6 लिटर गरम पाणी घेतलं तर अर्धा इंचीत 8 मीटरला साधारण 60 सेंटिमीटर जातील. मला ते चालेल. दोन माणसं एका वेळी गरम पाणी वापरणार असतील तर नाही चालणार.

निळाई
गीझर शॉवरच्या भिंतीवर सरकवता येतो का ते आधी विचारते, मग 8 मीटरच राहणार नाहीत. मुख्य लाइन पाऊण इंची नक्की. प्लंबरने टाकीजवळ अर्धा इंची व्हॉल्व्ह आणून ठेवलाय, तो परत पाठवते.